प्रकल्प नोंदी: चांग-ई ५ च्या लाव्हापठाराचं वय विवरं मोजून काढताना

३ फेब्रुवारी

सरावासाठी जागा ठरली: चंद्रावरच्या ओशनस प्रोसेलारमचा ईशान्य भाग, मॉन्स रुमकरच्या जवळचं तरुण बेसाल्ट पठार. नकाशांमध्ये हा पट्टा कधी P58 तर कधी Em4 या नावाने येतो. डिसेंबर २०२० मध्ये चांग-ई ५ हे यान इथे, साधारण ४३.०६° उत्तर आणि ५१.९२° पश्चिम या ठिकाणी उतरलं आणि १.७३१ किलो माती-दगड घेऊन परतलं. प्रयोगशाळेत त्या बेसाल्टचं वय दोन वेगवेगळ्या गटांनी काढलं. एकाला १.९६ अब्ज वर्षं मिळाली, दुसऱ्याला २.०३ अब्ज.

ही जागा निवडण्यामागे एकच कारण आहे. पृष्ठभाग जितका जुना तितकी त्यावर आघातांची विवरं जास्त, यावर बेतलेल्या विवरमोजणीचं उत्तर बरोबर की चूक हे पडताळायची सोय चंद्रावर फार थोड्या ठिकाणी आहे. अपोलो आणि लुना मोहिमांनी आणलेले बहुतेक लाव्हाचे नमुने ३.१ ते ३.९ अब्ज वर्षांच्या दरम्यानचे. त्यानंतर थेट कोपर्निकस (सुमारे ८० कोटी वर्षं) आणि टायको (सुमारे ११ कोटी) ही विवरं. मधल्या दोन अब्ज वर्षांहून मोठ्या पट्ट्यात २०२० पर्यंत एकही बिंदू नव्हता, आणि विवरांवरून काढलेली वयं नेमकी तिथेच सर्वांत डळमळीत असतात. यान उतरण्याआधी याच पठाराची वयं वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केली होती. कुणाला १.२१ अब्ज मिळाली, कुणाला १.३३, कुणाला १.९१. पठार तेच, पद्धत तीच, आणि उत्तरात दीडपटीहून जास्त फरक. हा फरक कुठून येतो, हे समजून घेणं हेच या नोंदींचं काम.

५ फेब्रुवारी

मोजायला बसण्याआधी किती विवरं सापडायला हवीत याचा हिशेब. हा हिशेब आधी केला की चौकट केवढी घ्यायची ते कळतं.

चंद्रासाठी गेरहार्ड नॉइकुमचं कालमापन-सूत्र वापरतोय. त्यात N(1) म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे १ किमी किंवा त्याहून मोठ्या व्यासाची विवरं, आणि T म्हणजे वय, अब्ज वर्षांत.

```
N(1) = 5.44e-14 * (exp(6.93*T) - 1) + 8.38e-4 * T
```

सूत्राचे दोन भाग दोन वेगळ्या काळांचे आहेत. घातांकाचा भाग ३.५ अब्ज वर्षांपूर्वीच्या जोरदार भडिमाराचा. त्यानंतर तो झपाट्याने नगण्य होतो आणि पुढे आदळण्याचा दर जवळपास स्थिर मानलेला आहे. T = २.०३ घातलं तर पहिला भाग हिशेबात धरण्याइतकाही उरत नाही आणि N(1) येतो ०.००१७. म्हणजे १,००० चौ. किमीमध्ये एक किलोमीटरवरची विवरं दोनसुद्धा नाहीत.

आपली चौकट २० × २० किमी, म्हणजे ४०० चौ. किमी. तिच्यात १ किमीवरचं विवर सरासरीने ०.७. एका विवरावर वय ठरवता येत नाही, त्यामुळे खाली उतरावं लागतं. किती खाली उतरलं की किती विवरं मिळतात हे उत्पादन-फलन सांगतं. हे अकराव्या घातापर्यंतचं बहुपद आहे. २००१ ची आवृत्ती घेतली. त्यावरून १ किमीच्या तुलनेत ५०० मीटरवरची विवरं १३ पट, ३०० मीटरवरची सुमारे ८६ पट आणि २०० मीटरवरची सुमारे ३५६ पट. आपल्या चौकटीत २.०३ अब्ज वर्षांसाठी अनुक्रमे ९, ५८ आणि २४२ विवरं अपेक्षित.

संख्येतली अनिश्चितता तिच्या वर्गमुळाइतकी धरतात. ९ विवरांवर ती ३, म्हणजे ३३ टक्के. ५८ वर १३ टक्के. २४२ वर साडेसहा टक्के. आकडे पाहून २०० मीटरपर्यंत उतरायचा मोह होतो, कारण आलेखावरची त्रुटीरेषा छान छोटी दिसते. पण ती रेषा फक्त मोजणीच्या योगायोगाची आहे. लहान विवरांत दुसरेच दोष शिरतात आणि ते त्या रेषेत कुठेही दिसत नाहीत.

खालची हद्दही आजच तपासली. विवरं खूप दाट झाली की नवं विवर जुन्याला पुसून टाकतं आणि संख्या वाढायची थांबते. ट्रास्कने १९६६ मध्ये दिलेल्या संबंधाने ही समतोल-मर्यादा १०० मीटर व्यासाला दर चौ. किमी सुमारे ८ विवरं अशी येते. उत्पादन-फलनाप्रमाणे २.०३ अब्ज वर्षांत १०० मीटरवरची ५.९ विवरं तयार होतात. दोन्ही रेषा ८० मीटरच्या आसपास एकमेकींना छेदतात. त्या खाली मोजलेलं प्रत्येक विवर वयाबद्दल काहीही सांगत नाही, आणि छेदबिंदूच्या थोडं वरही झीज दिसू लागते. म्हणून नोंद २०० मीटरपासून करायची, पण वय बसवताना कोणता पल्ला घ्यायचा ते नंतर ठरवू.

९ फेब्रुवारी

प्रतिमा: कागुया यानाच्या टेरेन कॅमेऱ्याच्या, साधारण १० मीटर प्रति पिक्सेल. २०० मीटरचं विवर २० पिक्सेल रुंद येतं, ते पुरेसं आहे. दहा पिक्सेलच्या खाली कड कुठे आहे हा अंदाजाचा खेळ होतो. वाइड-अँगल कॅमेऱ्याच्या १०० मीटर प्रति पिक्सेल प्रतिमा इथे उपयोगी नाहीत. त्यांच्यावर १ किमीच्या खाली जाताच येणार नाही.

सूर्य क्षितिजापासून १० ते ३० अंश वर असलेलीच प्रतिमा घ्यायची. सूर्य डोक्यावर असला की सावल्या जातात, ताजी विवरं चमकदार ठिपके म्हणून दिसतात, पण झिजलेली, उथळ विवरं जमिनीत विरघळून जातात. ती सुटली की पठार आहे त्यापेक्षा तरुण ठरतं. कागुयाचे सकाळचे आणि संध्याकाळचे असे दोन नकाशासंच आहेत. एकात प्रकाश पूर्वेकडून, दुसऱ्यात पश्चिमेकडून. उथळ खड्डा खरा की नुसता रंगाचा डाग, अशी शंका आली की दोन्ही पाहायचे. सावलीची बाजू पालटली तर तो खड्डाच.

नकाशाचं प्रक्षेपण आज सगळ्यांच्या फाइलमध्ये एकसारखं केलं:

```
+proj=laea +lat_0=43 +lon_0=-51.9 +R=1737400 +units=m +no_defs
```

सगळ्या चंद्राचा तयार नकाशा अक्षांश-रेखांशांच्या सरळ जाळ्यात असतो. ४३ अंशांवर त्यात पूर्व-पश्चिम अंतर १.३७ पट ताणलं जातं. तसंच मोजलं तर क्षेत्रफळ ३७ टक्के फुगतं आणि गोल विवरंही लंबगोल दिसतात. आडवी लंबगोल विवरं सगळीकडे एकाच दिशेने दिसली, तर आधी प्रक्षेपण पाहा.

चौकटीची जागा थोडी सरकवली. रीमा शार्प ही दरी या पठारातून जाते. तिच्या उतारांवर विवरं लवकर बुजतात, त्यामुळे ती चौकटीबाहेर ठेवली. पश्चिमेचा जुना, कमी टायटॅनियमचा लाव्हाही आत येता कामा नये. साध्या प्रतिमेत दोन्ही लाव्हा करडेच दिसतात. सीमा काढायला टायटॅनियमचा नकाशा खाली ठेवूनच काम करायचं.

१२ फेब्रुवारी

QGIS मध्ये तीन बिंदूंवरून वर्तुळ काढायचं. तिन्ही बिंदू कडेच्या माथ्यावर, एकमेकांपासून लांब. नियम: विवराचा मध्य चौकटीत असेल तर विवर आपलं, मग त्याचा अर्धा भाग बाहेर का असेना. मध्य बाहेर असेल तर सोडायचं.

कड कुठे धरायची यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. ताज्या विवराची कड धारदार असते, तिथे वाद नाही. झिजलेल्या विवराची कड गोलसर होते. कुणी आतल्या उताराच्या सावलीची सीमा धरतं, कुणी बाहेरच्या उतरणीपर्यंत जातं. २०० मीटरच्या विवरात हा फरक सहज एका-दोन पिक्सेलचा, म्हणजे ५ ते १० टक्के.

दहा टक्क्यांनी काय बिघडतं? या आकारांत विवरांची संख्या व्यासाच्या साधारण ३.७ व्या घाताने घटते. सगळे व्यास १० टक्के जास्त मोजले, तर त्याच व्यासाला संख्या १.१ च्या ३.७ व्या घाताइतकी, म्हणजे ४२ टक्के जास्त दिसते. सूत्र या काळात सरळ रेषेत चालतं, म्हणून वयही तेवढंच वाढतं: २.०३ चं जवळपास २.९ अब्ज. सगळे १० टक्के कमी मोजले तर ३२ टक्के घट, म्हणजे १.४ अब्ज. म्हणजे प्रसिद्ध वयांमधली मोठी तफावत कड कुठे धरली एवढ्याच गोष्टीतूनही निघू शकते. विवरं वाढवून ही चूक कमी होत नाही, कारण प्रत्येकाची सवय एकाच दिशेची असते.

उपाय ठरला. मोजणाऱ्या प्रत्येकाने तीच तीस विवरं स्वतंत्रपणे मोजायची: दहा ताजी, दहा मध्यम, दहा झिजलेली. ज्याचे व्यास सरासरीने सगळ्यांपेक्षा मोठे किंवा लहान येतात, त्याने कडेची जागा बाकीच्यांशी जुळवून घ्यायची आणि मगच चौकट सुरू करायची.

१७ फेब्रुवारी

दुय्यम विवरं. सगळा खरा घोळ इथे आहे.

मोठ्या आघाताने उडालेले दगड दूरवर पडून स्वतःची विवरं करतात. सूत्र फक्त अवकाशातून आलेल्या प्राथमिक विवरांसाठी आहे, त्यामुळे ही मोजली तर वय फुगतं. आणि ती बहुतेक सगळी लहान असतात. म्हणजे संख्या वाढवायला आपण ज्या आकारात उतरतो, तिथेच ती भेटतात. या पठारावर हार्पालस आणि अरिस्टार्कस यांसारख्या विवरांचे किरण येतात, तेव्हा दुय्यम विवरं असणारच असं धरून चालायचं.

ओळखायच्या खुणा: साखळ्या आणि घोळके; एकमेकांना चिकटलेली, एकाच दिशेने लांबट झालेली विवरं; व्यासाच्या मानाने उथळ तळ; आणि शेजारच्या दोन विवरांच्या मधून निघणाऱ्या व्ही-आकाराच्या सरी, ज्यांचं टोक मूळ विवराकडे रोखलेलं असतं. किरणाच्या उजळ पट्ट्यात यापैकी दोन खुणा एकत्र दिसल्या की शंकेला जागा नाही.

काढताना मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: विवरं वगळली की त्यांच्याखालचं क्षेत्रही वगळायचं. घोळक्याभोवती बहुभुज काढा, आतली सगळी विवरं सोडा (चांगली दिसणारीसुद्धा) आणि बहुभुजाचं क्षेत्रफळ चौकटीतून वजा करा. ४०० पैकी ६० चौ. किमी असं झाकलं आणि क्षेत्र ४०० च ठेवलं, तर वय १५ टक्के कमी येईल.

उरलेल्या विवरांवर विखुरण्याची चाचणी घ्यायची. प्रत्येक विवरापासून सर्वांत जवळच्या विवराचं अंतर काढून त्याची सरासरी घ्या. मग तेवढीच विवरं त्याच क्षेत्रात संगणकाने यादृच्छिक टाकून तीच सरासरी अनेकदा काढा. खरी सरासरी त्या सगळ्यांपेक्षा लक्षणीय लहान असेल, तर घोळके अजून शिल्लक आहेत. चाचणी प्रत्येक आकार-गटासाठी वेगळी घ्यायची. ५०० मीटरवरची विवरं पसरलेली आणि २५० मीटरच्या आतली घोळक्यात, असं चित्र दिसलं तर पल्ल्याची खालची हद्द तिथेच वर उचलायची.

चाचणीला न सापडणारी दुय्यम विवरंही असतात. खूप लांबून आलेले दगड एकेकटे पडतात आणि त्यांची गोल विवरं प्राथमिक विवरांसारखीच दिसतात. ती वगळायचा कोणताही मार्ग नाही. त्यासाठी मोठ्या विवरांचं वय आणि लहान विवरांचं वय वेगवेगळं काढून शेजारी ठेवायचं. लहानांचं सातत्याने जास्त येत असेल तर कारण बहुधा हेच.

२१ फेब्रुवारी

भुतासारखी विवरं: अर्धी बुडालेली, तळ सपाट, कड फक्त रिंगणासारखी वर आलेली. ती या लाव्हाच्या आधीची. साध्या ताज्या विवराची कड व्यासाच्या साधारण चार टक्के उंच असते. ४० मीटर जाडीचा लाव्हा आला तर १ किमीपर्यंतची विवरं पूर्ण गाडली जातात आणि त्याहून मोठी डोकं वर काढून राहतात. ती मोजायची नाहीत.

अशी तीनच विवरं चुकून आत आली तर काय होतं ते पाहा. संचयी आलेखात 'या व्यासाचं किंवा मोठं' अशी संख्या असते, त्यामुळे मोठी तीन विवरं खालच्या प्रत्येक आकड्यात जमा होतात. ५०० मीटरला ९ ऐवजी १२ दिसतात आणि वय २.०३ वरून २.७ अब्ज होतं. विभेदी आलेखात ती फक्त आपापल्या गटात राहतात आणि बाकीचे बिंदू समकालरेषेवर, म्हणजे एकाच वयाला अपेक्षित संख्या दाखवणाऱ्या रेषेवर असताना ती एकटी वर उभी दिसतात. म्हणून रेषा विभेदी आलेखावर बसवायची आणि संचयी आलेख फक्त पाहायला ठेवायचा.

२६ फेब्रुवारी

वय काढायची छोटी लिपी सगळ्यांसाठी ठेवली. सूत्र उलटं सोडवता येत नाही, म्हणून मधला बिंदू घेत जवळ जायचं.

```python
from math import exp

def n1(t, a, b):
    return a*(exp(6.93*t) - 1) + b*t

def age(n, a=5.44e-14, b=8.38e-4):
    lo, hi = 0.0, 4.5
    for _ in range(60):
        mid = (lo + hi)/2
        if n1(mid, a, b) < n:
            lo = mid
        else:
            hi = mid
    return lo

print(age(0.0017))                      # चंद्र
print(age(0.0017, 2.68e-14, 4.13e-4))   # मंगळ
```

पहिलं उत्तर २.०३. नॉइकुमची वक्ररेषा अपोलोच्या बिंदूंवरून आखलेली होती आणि मधला सगळा भाग स्थिर दर धरून जोडलेला होता. चांग-ई ५ चा बिंदू तिच्या अगदी जवळ पडला, ही या क्षेत्रातली खरोखर मोठी गोष्ट आहे.

त्याच सूत्राचा दुसरा परिणाम वय वाचताना कामी येतो. ३.७ अब्जाच्या पलीकडे घातांकाचा भाग हुकूम चालवतो आणि दर १० कोटी वर्षांमागे संख्या साधारण दुप्पट होते. तिथे मोजणीत दुपटीची चूक झाली तरी वय ०.१ अब्जानेच हलतं. आपल्या पठारावर तीच चूक वय दुप्पट करते. म्हणून "३.८ अब्ज" आणि "१.५ अब्ज" ही दोन वयं एकाच आलेखातून आली तरी त्यांच्यावर सारखा विश्वास ठेवायचा नसतो.

अहवालात वय एकटं द्यायचं नाही. N(1), क्षेत्रफळ, व्यासाचा पल्ला, विवरांची संख्या, वापरलेलं उत्पादन-फलन आणि कालमापन-सूत्र, प्रतिमा व सूर्याची उंची, हे सगळं सोबत. उद्या सूत्र सुधारलं तर यातून वय नव्याने काढता येतं.

४ मार्च

मंगळ. लिपीतली दुसरी ओळ पाहा: चंद्रावर २.०३ अब्ज देणारी घनता मंगळावर ३.३५ अब्ज देते. हे स्थिरांक इव्हानोव्हच्या २००१ च्या रूपांतराचे.

रूपांतर असं होतं. मंगळ लघुग्रह पट्ट्याला जवळ असल्याने त्याच्यावर दर चौ. किमी जास्त दगड पडतात. पण ते सरासरीने हळू आदळतात आणि मंगळाचं गुरुत्व चंद्राच्या सव्वादोन पट आहे, त्यामुळे त्याच दगडाचं विवर लहान होतं. दोन्ही मिळून १ किमीच्या विवरांचा दर चंद्राच्या जवळपास निम्मा येतो. या सगळ्या पायऱ्या गणिताच्या आहेत. मंगळावरच्या ठरावीक लाव्हापठाराचा दगड इथे आणून त्याचं वय काढलेलं नाही. क्युरिऑसिटीने गेल विवरात एका मातीच्या खडकाचं वय जागेवरच काढलं, ४.२१ अब्ज, कमी-जास्त ०.३५. पण ते वय वाहून आलेल्या कणांचं आहे, तो गाळ साचल्याचं नाही, त्यामुळे त्यावर विवरांची घनता बेतता येत नाही.

त्यात मंगळावर वारा आणि धूळ आहे. लहान विवरं बुजतात, आणि आलेखात लहान आकारांकडे बिंदू समकालरेषेच्या खाली झुकतात. तो झुकाव म्हणजे तरुण पृष्ठभाग असं वाचायचं नाही. एकाच उतारावर बसणारे मोठ्या विवरांचे बिंदू लाव्हाचं वय देतात, झुकलेले बिंदू झिजण्याचा वेग सांगतात.

७ मार्च

मंगळाचा सर्वांत अवघड प्रकार: अगदी तरुण लाव्हा, सर्बेरसच्या मैदानासारखा. १ कोटी वर्षं जुना लाव्हा धरला तर १ किमीचं एक विवर सापडायला सरासरीने २.४ लाख चौ. किमी क्षेत्र लागेल. एका प्रवाहाचं क्षेत्र तेवढं कुठलं असायला? मग फक्त दहा ते शंभर मीटरची विवरं उरतात. त्याच मैदानात झुनील हे १० किमीचं ताजं विवर आहे, आणि त्याने १० ते २०० मीटरची सुमारे एक कोटी दुय्यम विवरं तयार केली असावीत असा २००५ मधला अंदाज आहे. म्हणजे मोजायला उपलब्ध असलेली बहुतेक विवरं एकाच दिवसाची.

अशा ठिकाणी झुनीलचे किरण पूर्ण वगळून उरलेल्या क्षेत्रात मोजणी करायची, आणि आलेलं वय 'जास्तीत जास्त' म्हणून लिहायचं, कारण लांबची एकेकटी दुय्यम विवरं त्यात राहिलेलीच असतात. झुनीलची दुय्यम विवरं लाव्हाच्या वर आहेत, म्हणजे लाव्हा झुनीलपेक्षा जुना, एवढं मात्र मोजणीशिवायही पक्कं सांगता येतं. तक्त्यात तो रकाना आधी भरायचा.